बेलभंडारा आणि मुंतखब

शाळेतून निवृत्त झाले त्या दिवशी सत्काराचा नारळ, शाल आणि एक भिंतीवरचं घड्याळ घेऊन घरी आले. धाकट्या बहिणीनं घड्याळ हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं आणि म्हणाली, "आक्का, हे कुठं लावायचं? भिंत आपली न्हाय."

खोटं नव्हतं ते. धाराशिवात त्या दोन खोल्यांत आम्ही वीस वर्षं भाड्यानं राहत होतो. मी लग्न केलं नाही, तिचा नवरा लवकर गेला, म्हणून दोघींचा संसार एकत्र. घरमालक भला माणूस, पण त्याच्या मुलाचं लग्न ठरलं आणि दिवाळीपर्यंत खोल्या मोकळ्या करा म्हणून त्यानं हात जोडून सांगितलं. माझ्या फंडाचे पैसे तेवढेच होते. एक घर होईल एवढे. चुकलं तर दुसरं घर व्हायचं नाही, आणि त्या वयात आम्हाला पुन्हा कुणी भाड्यानं खोली देईल याची खात्री नव्हती.

बसस्टँडच्या पलीकडं एक तीन मजली इमारत उभी राहत होती. धाराशिवात तेव्हा फ्लॅट ही नवलाई. बांधणारा माझाच विद्यार्थी निघाला. सातवीत गणितात माझ्या हातच्या छड्या खाल्लेला. आता पांढरी सफारी, बोटात पोवळं. मला पाहताच भर रस्त्यात वाकून पाया पडला. "बाई, दुसऱ्या मजल्यावरचा पूर्वेचा तुमच्यासाठीच राखून ठेवतो. बोअरला उन्हाळ्यातसुद्धा पाणी आहे."

पाणी म्हटल्यावर बहीण विरघळली. उन्हाळ्यात टँकरमागं घागर घेऊन पळण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलेलं. तिनं त्या अर्धवट खोलीत उभं राहून ओटा कुठं, देव कुठं, सगळं ठरवून टाकलं. मीही नाही म्हणणार नाही, हवेशीर जागा होती. पण मी विचारलं, "कागद दाखव."

तो हसला. "बाई, तुम्ही अजून तशाच आहात."

"तशीच आहे. वही तपासल्याशिवाय मार्क देत नव्हते, आठवतं ना?"

कागदांचा मला एवढा सोस का, ते सांगायला पाहिजे. सोस नाही म्हणता यायचं, धास्ती म्हणा. त्यासाठी निजामाच्या राज्यात जावं लागेल. मी नऊ वर्षांची, बहीण चार.

अण्णा, म्हणजे आमचे वडील, तुळजापूरच्या तहसील कचेरीत नक्कलनवीस होते. म्हणजे दिवसभर सरकारी कागदांच्या नकला लिहायच्या. कारभार सगळा उर्दूत. अण्णांचं उर्दू अक्षर इतकं देखणं की मोठे वकील त्यांच्याच हातची नक्कल मागायचे. घरी संध्याकाळी ते मला लाकडी तख्तीवर अलिफ, बे शिकवायचे. मुलीला कशाला म्हणून आई कुरकुरायची. ते म्हणायचे, "या राज्यात जमीन उर्दूत असते. वाचता आलं पाहिजे." मी पटपट शिकले. कचेरीतून ते जुने फाटके मसुदे आणायचे, त्यांवर मी वाचायचा सराव करायची. म्हणून मला गोष्टींच्या पुस्तकांआधी सर्व्हे नंबर आणि चतुःसीमा वाचता यायला लागल्या.

त्या वर्षी अण्णांनी घर घेतलं. तुळजापुरातच, दोन खोल्या, पुढं ओसरी, मागं परस. आईच्या अंगावरचं होतं तेवढं सोनं त्यात गेलं. विकणारा एका जुन्या इनामदार घराण्यातला. अण्णांनी विक्रीखत केलं, निजामाच्या मोहरेच्या स्टँपावर, नोंदणीसुद्धा केली. पण त्या जमिनीचं मूळ, म्हणजे ती त्या घराण्याला कुणी, कशासाठी आणि कोणत्या अटीवर दिली, ते सांगणारा कागद त्यांनी पाहिला नाही. त्या कागदाला मुंतखब म्हणतात. इनामाची चौकशी होऊन सरकारनं काढलेला निवाडा, त्याचा उतारा. इनाम कुणाचं, कोणकोणते नंबर, वारस कोण आणि अट काय, सगळं त्यात असतं. लोकांसाठी असे शेकडो उतारे ज्यांनी स्वतःच्या हातानं लिहिले, त्या माणसानं स्वतःसाठी एक मागवला नाही.

का? तर विकणाऱ्यानं देवीच्या दारात बेलभंडारा उचलला. तळहातावर बेलाचं पान आणि भंडारा घेऊन बोललेला शब्द आमच्याकडं शेवटचा असतो. त्यानंतर शंका घेतली तर ती देवीवर घेतल्यासारखी. मी अण्णांबरोबर होते त्या दिवशी. विकणारा म्हणाला, "जागा निर्वेध आहे, माझ्या लेकरांची शपथ." त्याच्या हाताचा पिवळा डाग मला आजही दिसतो. पुढं सगळं झाल्यावर आई भांडली तेव्हा अण्णा एवढंच म्हणाले, "त्यानं भंडारा उचलला. त्यानंतर कागद मागायचा म्हणजे देवीचा शब्द खोटा धरायचा."

पुढं काय झालं? ती जागा एका लहानशा देवळाच्या दिवाबत्तीसाठी दिलेली होती. इनामदारानं रोज दिवा लावायचा, त्याबदल्यात जमीन. दिवा लावणं बंद पडलं, कुणीतरी तक्रार केली, चौकशी लागली. नोकरीची म्हणजे सेवेची जमीन विकताच येत नाही, म्हणून आमचं विक्रीखत कागदाच्या किमतीचंही राहिलं नाही. विकणारा तोवर पैसे घेऊन हैदराबादेत. दोन वर्षांत आम्ही घराबाहेर. बैलगाडीत सामान चढवलं. आईनं ओसरीच्या जमिनीत पक्कं बसवलेलं उखळ मात्र निघेना. ती कितीतरी वेळ त्याच्याजवळ बसून राहिली. चार वर्षांची बहीण आता सहा वर्षांची होती. गाडीत बसल्यावर तिनं अण्णांना विचारलं, "आपल्याला कुणी उठवलं?" अण्णांनी उत्तर दिलं नाही. त्यानंतर त्यांनी कधीच घर घेतलं नाही.

मी त्यांच्यावर मनातून चिडलेली होते. सगळं आयुष्य चिडलेली होते म्हटलं तरी चालेल. ज्याला वाचता येत नाही त्याचं एक, पण ज्याला येतं आणि वाचत नाही, त्याला काय म्हणायचं?

तर माझ्या विद्यार्थ्यानं फाईल आणून दिली. जाडजूड. मी ती घेऊन आमच्या ओळखीच्या वकिलाकडं गेले. हा वकील तरुण, हुशार, पण बोलताना घड्याळ बघणारा. त्यानं कागद ओळीनं लावले आणि मला समजावून सांगितलं. बिल्डरनं ही जमीन सोलापूरच्या एका व्यापाऱ्याकडून घेतली, त्याचं विक्रीखत आहे. व्यापाऱ्यानं ती एका जुन्या घराण्याच्या नातवाकडून घेतली, तेही खत आहे. नातवाकडं ती वारशानं आली, तिचा फेरफार आहे. फेरफार म्हणजे नाव बदलल्याची तलाठ्याकडची नोंद. बिगरशेती परवानगी आहे, नगरपालिकेचा नकाशा मंजूर आहे. सातबारा बिल्डरच्या नावावर स्वच्छ.

"साखळी कुठं तुटत नाही," तो म्हणाला. "आता तीस वर्षांचा शोध घेऊ."

शोध म्हणजे काय ते मला बघायचं होतं, म्हणून मी त्याच्याबरोबर दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात गेले. फी भरून पावती घेतली आणि त्याच्या कारकुनानं जुन्या सूच्यांची बाडं काढली. एकेका वर्षाची. त्या नंबरावर कुणी काही नोंदवलं आहे का, विक्री, गहाण, बक्षीस, पट्टा, ते एकेक ओळ खाली उतरत बघायचं. दोन दिवस लागले. माझ्या साडीवर धुळीचा थर बसला. निघाली ती तेवढीच दोन विक्रीखतं, जी फाईलमध्ये होती. एकही गहाण नाही.

वकिलानं अहवाल टाइप करून दिला. शेवटच्या ओळीत लिहिलं, मालकी निर्वेध व बाजारयोग्य. बहिणीनं तो कागद देवापुढं ठेवून त्यावर हळदकुंकू वाहिलं. एक गोष्ट मात्र माझ्या डोक्यात खुपत होती.

फाईलमध्ये जुने सातबारे होते. वकिलानं ते चाळले होते, मी वाचले. एका जुन्या सातबाऱ्यावर इनाम असा शब्द होता. त्यानंतरच्या, नव्यानं लिहिलेल्या सातबाऱ्यावर तो शब्द नव्हता. आता सातबाऱ्यावरची कोणतीही गोष्ट बदलायची तर तिचा फेरफार लागतो, त्याचा क्रमांक कडेला लिहिलेला असतो. इथं क्रमांक नव्हता. शब्द आपला आपण गायब.

मी वकिलाला विचारलं, "हा शब्द कुठं गेला?"

"बाई, सातबारा नव्यानं उतरवताना असं होतं. राहून जातं."

"राहून गेलं तर हक्क गेला का?"

तो थांबला. मग म्हणाला, "तसं नाही जात. पण तीस वर्षांत काही निघालं नाही ना. बँकासुद्धा तीस वर्षंच बघतात. दोघांना या इमारतीत कर्ज मिळालं आहे."

"सूचीत व्यवहार निघतात," मी म्हटलं. "इनाम काही व्यवहार नाही. ते व्यवहाराच्या आधीचं आहे. ते तुमच्या तीस वर्षांत कुठून निघणार?"

हे खरं असल्याचं त्यानं कबूल केलं, म्हणून तो मला आवडायला लागला. त्यानं फाईलमधला आणखी एक कागद काढला. मुंतखबीचं मराठी भाषांतर. दीड पान. इनाम जमीन, इतके एकर, वारसांकडं कायम. खाली भाषांतरकाराची सही. मूळ उर्दू नक्कल फाईलमध्ये नव्हती.

"मूळ का नाही?" मी विचारलं.

"मूळ आणून करायचं काय? वाचणार कोण?" तो मोकळेपणानं म्हणाला. "आमच्या पिढीत उर्दू कुणाला येत नाही. सगळे भाषांतरावरच चालतात."

"मी वाचणार," मी म्हटलं.

घरी भांडण झालं. बहीण सहसा भांडत नाही, पण त्या दिवशी तिनं भाकरी थापता थापता परात आपटली. "अगं, तुझाच पोरगा तो, तुझ्या शाळेतला. त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवायचा? दिवाळी तोंडावर आलीय. कुठं जायचं आपण? तुझा हा संशय अण्णांच्या वेळेपासूनचा हाय. आता बास कर."

"अण्णांच्या वेळेपासूनचा आहे म्हणूनच बास करणार नाही."

ती रडली. मला वाईट वाटलं, पण मी ऐकलं नाही. माझं असंच आहे, जिथं वाईट वाटतं तिथंच पाय रोवून उभी राहते.

दुसऱ्या दिवशी माझा विद्यार्थी स्वतः आला. बहिणीनंच निरोप पाठवला असावा. त्यानं चहा घेतला नाही. "बाई, तुम्ही माझ्यावर शंका घेता हे मला लागलं," तो म्हणाला. "चला तुळजापूरला. आत्ता गाडी काढतो. देवीच्या दारात बेलभंडारा उचलतो. जमीन निर्वेध आहे."

पन्नास वर्षांनी तेच. बहिणीच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं, तिच्या लेखी झालंच काम. आमच्याकडं एवढ्यावर कुणीही मान डोलावली असती.

"बेलभंडारा राहू दे," मी म्हटलं. "मुंतखब आण."

त्याचा चेहरा पडला. देवीची शपथ कुणी नाकारतं, हे त्याच्या कानांना खरं वाटेना. तो उठून गेला. बहीण आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाही, फक्त ताट वाढायची.

मुंतखब त्यानं आणली नाही, म्हणून मी गेले. जिल्ह्याच्या कचेरीत अर्ज दिला, त्यावर कोर्टफी तिकीट, सर्व्हे नंबर, गावाचं नाव. पहिल्या खेपेला बाबू रजेवर. दुसऱ्या खेपेला सांगितलं, इतकं जुनं सापडत नाही. तिसऱ्या खेपेला मी डबा घेऊन गेले आणि बाकावर बसले. "सापडेपर्यंत बसते. मला कुठं जायचं नाही. दिवाळीनंतर तर अजिबात नाही."

अभिलेख सांभाळणारा निवृत्तीला टेकलेला माणूस होता. तो हसला. "बाई, उर्दूचे रुमाल आहेत आत. आकडे आम्हाला कळतात, बाकी न्हाय. तुम्हाला येत असेल तर या, मी काढून देतो, तुम्ही वाचा." रुमाल म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे. लाल कापड उडून गुलाबी झालेलं.

मी तीन दिवस तिथं बसले. पहिल्या तासाला अक्षरं माझ्याकडं परक्यासारखी बघत होती. शिकस्ता म्हणजे घाईनं मोडून लिहिलेलं अक्षर, त्यात नुक्ते, म्हणजे अक्षरांची टिंबं, कुणी देत नाही. मग हळूहळू एकेक शब्द उठून बसायला लागला. गावाचं नाव. मौजे. चतुःसीमा. अण्णांची तख्ती आठवली आणि त्या खोलीत मी एकटीच हसले. पहिल्यांदाच मनाशी म्हटलं, अण्णा, शिकवलंत ते बरं झालं.

तिसऱ्या दिवशी दुपारी सापडली. चार पानं. पहिल्या दीड पानात तेच, जे भाषांतरात होतं. मग रकाने, आणि शेवटच्या कैफियतीच्या रकान्यात, म्हणजे शेऱ्याच्या जागी, एक ओळ. मशरूत-उल-खिदमत. सेवेच्या अटीवर. खाली अमुक देवस्थानची दिवाबत्ती व पूजा. भाषांतरात हा रकानाच नव्हता. ज्यानं कुणी भाषांतर केलं त्यानं हा रकाना सोडून दिला होता. मुद्दाम की कंटाळून, ते मला कधीच कळलं नाही.

मी हात कागदावरून उचलून मांडीवर ठेवले. पुढं सगळीकडची इनामं कायद्यानं गेली, पण देवस्थानाच्या सेवेची राहिली. ती जमीन देवाची. सांभाळणारा बदलतो, मालक बदलत नाही. सरकारच्या हुकुमाविना ती विकता येत नव्हती आणि असा हुकूम फाईलमध्ये कुठंच नव्हता. म्हणजे नातवानं व्यापाऱ्याला विकलं ते पोकळ, व्यापाऱ्यानं माझ्या विद्यार्थ्याला विकलं ते पोकळ, आणि दुसऱ्या मजल्यावरचा पूर्वेचा फ्लॅट तर सगळ्यात वरचा पोकळ. साखळीच्या सगळ्या कड्या जागच्या जागी होत्या, पण पहिली कडी भिंतीत ठोकलेलीच नव्हती.

मी प्रमाणित नक्कल मिळवली आणि विद्यार्थ्याला कचेरीतच बोलावून घेतलं. घरी बोलावलं असतं तर त्याला वाटलं असतं, बाई अपमान करणार. खरं सांगते, मला करायचाच होता. तीन दिवस मी वाक्यं घोकून ठेवली होती. देवीच्या दारात खोटी शपथ घ्यायला निघाला होतास, लाज नाही वाटली, असं सगळं.

तो आला. वकीलही आला होता. मी मुंतखब उघडली आणि ओळीनं वाचायला लागले, उर्दूत एक ओळ, मराठीत तीच ओळ. त्याला मधे बोलू दिलं नाही. शेवटच्या रकान्यापाशी आले, वाचला, अर्थ सांगितला, आणि त्याच्याकडं बघितलं.

वकिलाकडं बघून त्यानं विचारलं, "हे खरं आहे?"

वकिलानं मान डोलावली.

"मला हे कुणी वाचून दाखवलं नाही," तो म्हणाला. मग बाकावर बसला. सफारी, पोवळं, सगळं एकदम सैल पडल्यासारखं. "बाई, मी आईची शेती विकून ही जमीन घेतली. व्यापाऱ्यानं नातवाला घेऊन तुळजापूरला नेलं मला. नातवानं माझ्यासमोर भंडारा उचलला. आता त्यानं भंडारा उचलल्यावर पुन्हा कागद मागायचा म्हणजे..." तो थांबला. "म्हणजे देवीचाच शब्द खोटा धरायचा ना."

माझी घोकलेली वाक्यं जागच्या जागी राहिली. तेच शब्द. बैलगाडीच्या आदल्या रात्री अण्णा आईला हेच म्हणाले होते. इतकी वर्षं मी त्या वाक्याला मूर्खपणा म्हणत आले. समोर बाकावर बसलेला माणूस मूर्ख नव्हता. तो चांगला माणूस होता, आणि चांगल्या माणसाला आमच्याकडं फसवायचं तर याच दारातून फसवतात, कारण त्याला त्या दारात मान वर करवत नाही. मला अण्णा दिसले. मी त्यांच्यावर इतकी वर्षं रागावले होते आणि त्यांनी मला एकदाही समजावून सांगितलं नव्हतं. त्यांनी फक्त तख्ती हातात दिली होती.

मी विद्यार्थ्याच्या शेजारी बसले. "खचू नको," मी म्हटलं. "आता हे बघ. काम आज थांबव. ज्यांनी बुकिंग केलं त्यांना सगळ्यांना हा कागद दाखव, मी येते वाचायला. त्यांचे पैसे तुझ्याकडं आहेत तोवर परत दे. आणि व्यापारी आणि नातू, दोघांवर दावा लाव. वकीलसाहेब आहेत."

"आणि मी?"

"तू पहिल्यांदा इथून पुढं वाचायला शीक. निदान वाचून घ्यायला."

तो हसला की रडला, कळलं नाही. पण त्यानं काम थांबवलं. सगळ्या बुकिंगवाल्यांना बोलावलं, मी त्याच अर्धवट इमारतीच्या पायरीवर बसून मुंतखब वाचून दाखवली. काहींनी त्याला शिव्या दिल्या, एकानं मला दिल्या. त्यानं सगळ्या बुकिंगवाल्यांचे पैसे परत केले, हप्त्याहप्त्यानं. दावा किती वर्षं चालला ते विचारू नका. ती इमारत अजून तीन मजली सांगाड्यासारखी उभी आहे आणि तिच्या बोअरला अजून पाणी आहे म्हणे.

दिवाळी आम्ही शेवटी घरमालकाच्या माडीवरच्या एका खोलीत काढली. पुढच्या चैत्रात एक जुना फ्लॅट मिळाला, पहिला मजला, लहान, खिडकी पश्चिमेची. या वेळी मी वकिलाला एकटं सोडलं नाही. कागद झेरॉक्सवर नाही, मूळच बघितले. गहाण ठेवलेल्याचे मूळ कागद बँकेत अडकलेले असतात आणि विकणारा झेरॉक्स पुढं करतो, हे मला तोवर कळलं होतं. सातबारा मागं मागं नेत नेत निजामाच्या सेतवारापर्यंत गेले, म्हणजे पहिल्या मोजणीच्या नोंदीपर्यंत. प्रत्येक बदलाला फेरफाराचा क्रमांक होता. जमीन साध्या पट्ट्याची, म्हणजे सारा भरणाऱ्या मालकाची, कुठल्या देवाची नाही. सूचीत एक जुनं गहाण निघालं, फेडल्याचं खतही निघालं. वर्तमानपत्रात जाहीर नोटीस दिली आणि पंधरा दिवस कुणी हरकत घेतं का ते बघितलं. विकणारा वैतागला, म्हणाला, "बाई, माणसावर विश्वास ठेवा." मी म्हटलं, "ठेवते. वाचून ठेवते."

राहायला गेलो त्या संध्याकाळी बहिणीनं आधी भिंतीत खिळा ठोकला. सत्काराचं घड्याळ त्यावर टांगलं, मागं सरकून पाहिलं. मग दाराला आतून कडी लावून ती जमिनीवर बसली. मला वाटलं, दमली असेल.

"आक्का," ती म्हणाली, "आता इथनं आपल्याला कुणी उठवणार न्हाय ना?"

अण्णांना जे उत्तर देता आलं नव्हतं, ते मी दिलं. "न्हाय," मी म्हटलं. "मी सगळं वाचलंय."